गद्यातला अनुप्रास पुरावा म्हणून कसा वापरायचा: एका गिरणी कामगाराच्या वहीवरून

सोलापुरात एम.ए. मराठी करताना मी लघुप्रबंधासाठी माझ्या आजोबांची वही घेतली होती. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका जाड वहीत शाईच्या पेनाने आठवणी लिहिल्या. त्यांचं गद्य मला लहानपणापासून कानाला गोड लागायचं, म्हणून मी विषय निवडला त्या गद्यातला नाद. पहिल्या खर्ड्यात मी सारख्या आवाजाचं प्रत्येक अक्षर रंगवलं आणि प्रत्येक रंगाला एक अर्थ दिला. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचून एकच प्रश्न विचारला: "यातलं काय खोटं ठरलं तर तुझं म्हणणं पडेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे तीन महिने त्या उत्तराच्या शोधात गेले. कथा, आत्मकथन, ललित लेख, पत्रं, कुठल्याही गद्यातल्या नादावर पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचे हे तीन महिने वाचावेत म्हणून ही पद्धत क्रमाने मांडते.

सगळी चर्चा या उताऱ्यावर चालेल. शब्द बरोबर तीस आहेत. त्यातला धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारी वस्तू.

"धोटा धावायचा तेव्हा धरणी धडधडायची. पहिल्या दिवशी छाती दडपून गेली. हळूहळू कान त्या दणक्याला सरावले. दुपारच्या सुट्टीत मग सगळे साचे थांबले की कसंतरीच वाटायचं. कुणीतरी हाक मारली तर दचकायला व्हायचं."

जवळ काय ठेवायचं

- मूळ मजकुराची झेरॉक्स, ओळींमध्ये लिहायला जागा असलेली. हस्तलिखित असेल तर मूळ वहीसुद्धा, कारण खाडाखोड झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही.
- त्याच लेखकाचा, पण वेगळ्या विषयावरचा, साधारण तेवढ्याच लांबीचा मजकूर.
- दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि मजकूर जुना असेल तर मोल्सवर्थचा कोश (त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची). घरी नसतील तर वाचनालयात संदर्भ विभागात बसून पाहता येतात.
- दोन रंगांच्या पेन्सिली. मी सात रंग घेतले होते. सात रंग हातात असले की सातही वापरावेसे वाटतात.
- मोबाइलवरचा रेकॉर्डर.

1. अक्षर बघू नका, उच्चार ऐका

उतारा मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, आणि दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. मराठी लिपी उच्चाराच्या बरीच जवळ आहे, आणि नेमकी म्हणूनच जिथे ती दूर जाते तिथे आपण फसतो.

सगळ्यात मोठी फसगत च आणि ज यांची. 'चूल' आणि 'चिमणी' कागदावर एकाच अक्षराने सुरू होतात, पण चूल म्हणताना जीभ दातांकडे जाते आणि चिमणी म्हणताना टाळूकडे. कानाला तो अनुप्रास नाही. माझ्या उताऱ्यातच पाहा: 'धावायचा' मधला च आणि 'धडधडायची' मधला च वेगळे आहेत. मी पहिल्या खर्ड्यात या चकारांना साच्याचा ठेका म्हटलं होतं.

दुसरी फसगत न उच्चारलेल्या 'अ'ची. 'कान' शब्दातला शेवटचा अ आपण म्हणत नाही, 'हाक' मधलाही नाही. अ या स्वराची पुनरावृत्ती मोजायला बसलात तर निम्मे अ कागदावरचेच निघतील. तिसरी अनुस्वाराची: 'पंखा', 'अंत' आणि 'आंबा' यांवरचं टिंब एकच आहे, पण आवाज तीन आहेत. याउलट श आणि ष बहुतेकांच्या बोलण्यात एकच ऐकू येतात, तेव्हा ते एकत्र मोजायला हरकत नाही.

सोलापुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. इथे एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू घरांतली मुलं असतात आणि मराठी उच्चार माणसागणिक थोडे बदलतात. पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, माझ्या मैत्रिणीकडून, आमच्या शेजारच्या काकूंकडून आणि माझ्या आईकडून मी हाच उतारा वाचून घेतला. तिघींच्या तोंडी जो नाद टिकला तोच पुढे नेला. पहिल्या वाक्यातला ध तिघींनीही ठसक्यात म्हटला. बाकी बरंच काही फक्त माझ्या वाचनात होतं.

2. काय मोजायचं ते मोजण्याआधी लिहून ठेवा

अलंकारशास्त्रात अनुप्रासाची व्याख्या आहे 'वर्णसाम्यमनुप्रासः', म्हणजे स्वर वेगळे असले तरी व्यंजन सारखं असलं की पुरे. त्याच परंपरेत श्रुत्यनुप्रास नावाचा प्रकार आहे. तिथे एकाच उच्चारस्थानाचे वर्ण, उदाहरणार्थ सगळे दंत्य, एक कुटुंब धरले जातात. ही कल्पना उपयोगी आहे, कारण द आणि ध कानाला खरोखर सख्खे वाटतात. पण इथेच धोका आहे. एकदा 'दंत्य' म्हटलं की त, थ, न, ल, स हेही आत येऊ पाहतात, आणि मराठीत त, ल, न हे तर प्रत्ययांतूनच सतत येत राहतात. एवढं मोठं जाळं टाकलं तर कुठल्याही पानात मासे सापडतील.

म्हणून मोजायला बसण्याआधी वहीच्या कोपऱ्यात, तारखेसह, एक वाक्य लिहा. माझं होतं: "शब्दाच्या सुरुवातीचे फक्त द आणि ध मोजणार." शब्दाच्या सुरुवातीचे यासाठी, की शब्दाच्या पोटातलं व्यंजन डोळ्याला लगेच दिसतं, कानाला तितकं ठळक लागत नाही. मोजणी सुरू झाल्यावर हा नियम सैल करायचा नाही. तो चुकीचा वाटला तर नवा नियम लिहून पहिल्यापासून मोजायचं.

या नियमाने माझ्या उताऱ्यात नऊ शब्द निघाले: धोटा, धावायचा, धरणी, धडधडायची, दिवशी, दडपून, दणक्याला, दुपारच्या, दचकायला. तीसपैकी नऊ.

3. त्याच लेखकाचा साधा उतारा शेजारी ठेवा

तीसपैकी नऊ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. आजोबा नेहमीच असं लिहीत असतील तर? म्हणून वहीतला हा दुसरा उतारा घेतला. हाही तीस शब्दांचा.

"शनिवारी पगार झाला. घरी येताना गूळ, शेंगदाणे आणि ज्वारी आणली. रस्त्यात जुना सोबती भेटला. त्याच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. घरच्यांना घेऊन यायला सांगितलं. बाजारात पाय ठेवायला सुद्धा जागा नव्हती."

शब्दारंभी द किंवा ध फक्त एकदा, 'दिवाळीनंतर' मध्ये. नऊ आणि एक हा फरक पुढे बघायला लावणारा आहे. आता याच दोन उताऱ्यांत स मोजा. पहिल्यात सरावले, सुट्टीत, सगळे, साचे असे चार. दुसऱ्यात सोबती, सांगितलं, सुद्धा असे तीन. माझ्या पहिल्या खर्ड्यात दुपारच्या सुट्टीतल्या स ला 'साचे थांबल्यावरची कुजबुज' असं नाव दिलं होतं. पगाराच्या साध्या हकीकतीतही जवळपास तेवढेच स आहेत हे दिसलं तेव्हा तो परिच्छेद मी काढून टाकला.

तुलनेचा एकच उतारा पुरेसा नसतो, निदान आठ-दहा घ्या. आणि ते कसे निवडले हेही लिहा. 'दर पाचव्या पानावरचा पहिला परिच्छेद' असा कोरडा नियम सगळ्यात चांगला. स्वतःच्या पसंतीने निवडलात तर नकळत नाद नसलेलेच उतारे हाताला लागतात.

4. व्याकरणाने आणलेलं बाजूला काढा

मराठी गद्यात सारखे आवाज फुकट मिळतात. विशेषणाला, नामाला आणि क्रियापदाला एकाच लिंगवचनाचा प्रत्यय लागतो, त्यामुळे 'सगळे साचे थांबले' मध्ये तीन ए आले. मी त्यावर लिहिलं होतं की हा लांबलेला ए म्हणजे सुटकेचा निःश्वास. प्रत्यक्षात साचे पुल्लिंगी अनेकवचनी आहेत, एवढंच त्यामागचं कारण. आजोबांना तिथे दुसरा स्वर घालता आलाच नसता. जिथे लेखकाला पर्याय नव्हता, तिथे त्याच्या निवडीचा पुरावा मिळत नाही.

बोलीतलं गद्य असेल तर हा भाग जास्त जपून करा. सोलापूरकडच्या संवादांत 'काय करायलास', 'बसायलाय', 'बघायलाय' अशी रूपं ओळीने येतात. बाहेरच्या वाचकाला त्यांतला 'आयला' नाद फार मोहक वाटतो. पण चालू असलेली क्रिया सांगायची आमच्याकडची ती रीतच आहे. आपण ते बोलताना कुणी यमक जुळवत नसतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. व्याकरणाचं रूपसुद्धा कधीकधी निवडलेलं असतं. रोज घडणारी गोष्ट सांगायला मराठीत 'धावायचा' असंही म्हणता येतं आणि 'धावत असे' असंही. लेखक एरवी 'असे' वापरत असेल आणि एकाच पानावर 'यचा, यची' वर आला असेल, तर त्याची दखल घ्यायला हवी. आजोबांच्या वहीत दोन्ही रूपं पहिल्या पानापासून मिसळलेली आहेत, म्हणून माझ्या कामात हा धागा सोडून दिला.

5. उरलेल्या प्रत्येक शब्दाला विचारा: दुसरा शब्द होता का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोजणीने फक्त कुठे बघायचं ते कळतं. पुरावा या पायरीवर मिळतो किंवा निसटतो. नऊ शब्दांचे मी तीन गट केले.

पहिला गट, पर्याय नसलेले. 'धोटा' हे त्या वस्तूचं नावच आहे. 'पहिल्या दिवशी' आणि 'दुपारच्या सुट्टीत' इथेही सहज सुचणारा दुसरा शब्द नाही. 'दचकणं' हाही रोजचाच शब्द, त्याच्या जागी दुसरा घातला तर अर्थ हलतो. चार शब्द इथेच गेले.

दुसरा गट, भाषेने तयार दिलेला नाद. 'धडधडणं' हा ध्वनीचं अनुकरण करणारा शब्द आहे आणि त्यातले दोन ध मराठीने घडवलेत, आजोबांनी नाही. तो निवडला हे खरं, कारण 'हादरायची' किंवा 'थरथरायची' हेही चाललं असतं. पण तो मोजायचा एक निवड म्हणून. त्यातल्या दोन धकारांचं श्रेय लेखकाला दोनदा देऊ नका. खडखड, दणदण, कुळकुळीत या सगळ्यांना हाच नियम लावायचा.

तिसरा गट, खरोखर निवडलेले: धरणी, धावायचा, दणक्याला, दडपून. हे नुसतं मनाने ठरवायचं नाही. प्रत्येकासाठी दोन गोष्टी पाहायच्या. पर्यायी शब्द त्या काळी प्रचारात होता का, हे कोशात. आणि या लेखकाने तो स्वतः वापरलाय का, हे त्याच्याच मजकुरात. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. कोशात शंभर शब्द असतील, लेखकाच्या तोंडी त्यांतले दोनच असतात.

'दणक्याला' घ्या. दुसऱ्या एका पानावर आजोबांनी लिहिलंय, "साच्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे." म्हणजे 'आवाज' हा शब्द त्यांच्या हाताशी होता आणि इथे त्यांनी तो घेतला नाही. 'धावायचा'चंही तसंच, इतरत्र त्यांचा धोटा 'पळतो'. 'दडपून'साठी मात्र मला वहीत पर्याय सापडला नाही, म्हणून तो शंकेच्या यादीत ठेवला.

'धरणी'ची गोष्ट वेगळी. वहीत बाकी सगळीकडे 'जमीन' आहे, धरणी फक्त इथे. आणि मूळ वहीत त्या ओळीवर 'जमीन' लिहून एका रेघेने खोडलंय, वर बारीक अक्षरात 'धरणी' आहे. झेरॉक्समध्ये ती रेघ पुसट झाली होती. मी वर्षभर तो उतारा वाचत होते आणि ही खोडलेली जमीन मला दिसली नव्हती. गद्यातल्या नादाला एवढा भक्कम पुरावा क्वचित मिळतो. लेखकाने अर्थ तोच ठेवला आणि आवाज बदलला.

तरी इथेही दुसरं कारण शोधायला हवं. आजोबा भजनाला बसत, आणि 'धरणी' हा भजनातल्या भाषेतला शब्द आहे. कदाचित त्यांना फक्त भारदस्त शब्द हवा असेल. ही शक्यता मी प्रबंधात लिहून ठेवली आणि तिला उत्तरही दिलं: भारदस्तपणा हवा असता तर तो वहीत आणखी कुठेतरी डोकावला असता. पण देवळाच्या, सणाच्या वर्णनातही 'जमीन'च आहे. शब्द भजनातून आला असेल, तो या जागी का बसला याचं उत्तर मात्र शेजारच्या तीन धकारांतच मिळतं.

6. आवाजाला अर्थ चिकटवू नका

आता मोह होतो असं लिहायचा, की ध हा जड, दणकट वर्ण आहे, म्हणून तो गिरणीला शोभतो. लिहिण्याआधी त्याच वर्णाचे उलट्या अर्थाचे शब्द आठवा. धुकं, धूप, धागा. यांत कुठे दणकटपणा आहे? जुन्या शास्त्रात परुषा, कोमला अशा वृत्ती सांगितल्या आहेत, पण त्या वर्णांच्या जुळणीविषयी आहेत. एकेका अक्षराला कायमचा स्वभाव देण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नका.

मग ध तिथे काय करतो? तो शब्दांची गाठ बांधतो. पहिल्या वाक्यातल्या पाच शब्दांपैकी चार ध ने सुरू होतात, आणि त्या चारांत एका टोकाला हातात मावणारा धोटा आहे, दुसऱ्या टोकाला अख्खी धरणी. 'जमीन' असती तर कारण आणि परिणाम एवढंच सांगून झालं असतं. 'धरणी'मुळे लहान वस्तू आणि तिच्यामुळे हादरणारी मोठी वस्तू एकाच आवाजात येतात. अर्थ वाक्यातल्या शब्दांनी आणला, आवाजाने त्यांना जवळ बसवलं. माझा दावा इतकाच, आणि तो पहिल्या वाक्यापुरता. पुढे द विरळ होत जातो, तिथे दावाही थांबतो.

7. स्वरांच्या बाबतीत हात आणखी आखडता

स्वरसाम्याची मोजणी पटकन भरते, कारण मराठीत स्वर थोडे आणि शब्द पुष्कळ. वहीतलं हे वाक्य पाहा:

"पहाटेचा भोंगा झोपेत टोचायचा. डोळे चोळत, लोटा घेऊन मोरीत जायचो."

दहा शब्द. त्यांतल्या सात शब्दांच्या पहिल्याच अक्षरात ओ आहे: भोंगा, झोपेत, टोचायचा, डोळे, चोळत, लोटा, मोरीत. 'जायचो' मधला ओ 'मी'च्या क्रियापदाचा, तो सोडला. दहातले सात म्हणजे गिरणीच्या उताऱ्यापेक्षा कितीतरी दाट. वाचताना भोंग्याचा लांब सूर ऐकू येतो असं मला आजही वाटतं.

पण पाचव्या पायरीवर आणा. भोंगा, लोटा, मोरी ही वस्तूंची नावं. झोप ही झोपच. 'डोळे चोळत' हा ठरलेला वाक्प्रयोग, त्यातले दोन्ही ओ भाषेने एकत्र दिलेले. निवड एकच उरते: भोंगा 'वाजायचा' न म्हणता 'टोचायचा' म्हटलं. आणि त्यालाही नादाशिवाय पुरेसं कारण आहे, झोपमोडीचा त्रास. वहीत इथे खाडाखोड नाही. तेव्हा दाट नाद असूनही हा पुरावा कच्चा, आणि विरळ नाद असलेला गिरणीचा उतारा पक्का. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं.

8. लिहिताना क्रियापद पुराव्याएवढंच ठेवा

तीन प्रकारची विधानं वेगळी ओळखा. 'इथे ओ सतत ऐकू येतो' यासाठी वाचन आणि मोजणी पुरते. 'हा ध धोटा आणि धरणी यांना जोडतो' यासाठी तुलनेचा उतारा आणि अर्थाचं विश्लेषण लागतं. 'लेखकाने आवाजासाठी शब्द बदलला' यासाठी निवडीचा पुरावा लागतो: खाडाखोड, दुसरी आवृत्ती, किंवा त्याच लेखकाची इतरत्र दिसणारी वेगळी सवय.

भोंग्याच्या वाक्यावर मी शेवटी असं लिहिलं: "या दहा शब्दांत ओ सात वेळा पहिल्या अक्षरात येतो आणि वाचकाला भोंग्याची आठवण होऊ शकते. यातले बहुतेक शब्द वस्तूंची नावं असल्याने ही योजना लेखकाची आहे असं म्हणता येत नाही." धरणीच्या वाक्यावर मात्र ठामपणे 'निवडलं' हे क्रियापद वापरलं आणि खोडलेल्या ओळीचा फोटो परिशिष्टात लावला.

बाद केलेल्या गोष्टीही परिशिष्टात द्या: स, ए, चकारांचा ठेका, प्रत्येकासमोर बाद होण्याचं कारण एका ओळीत. परीक्षक नेमके तेच विचारतात. मला तोंडी परीक्षेत 'सगळे साचे'मधल्या स बद्दल विचारलं गेलं, तेव्हा मी त्या तक्त्याचं पान उघडून पगाराचा उतारा वाचून दाखवला.